अकरा पानी अप्रेझलचा एक पानी सारांश: कर्मचाऱ्याच्या हाती नेमकं काय द्यावं?

कौमुदी_क

मंडळी, एक कामाचा प्रश्न आहे. मी एचआरमध्ये आहे. वार्षिक अप्रेझलचा पूर्ण दस्तऐवज कर्मचाऱ्याला सिस्टीमवर दिसतो, पण तो इतका लांबलचक असतो की बहुतेक जण थेट शेवटच्या पानावरचा आकडा बघतात आणि खिडकी बंद करतात. म्हणून यंदा ठरलंय की मॅनेजरबरोबरच्या भेटीआधी प्रत्येकाला एक पानाचा सारांश द्यायचा. लिहायचा आम्ही, मान्यता मॅनेजरची.

पहिलंच प्रकरण हातात आहे. एक अ‍ॅनालिस्ट, बाई चांगल्या कामाच्या. चार उद्दिष्टं होती:

ग्राहकांचे अहवाल वेळेत देणं: वेटेज ४०, रेटिंग ४
जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये हलवणं: वेटेज ३०, रेटिंग ३
अहवालांतल्या चुका कमी करणं: वेटेज २०, रेटिंग ३
नव्या लोकांसाठी प्रशिक्षण साहित्य: वेटेज १०, रेटिंग २

एकूणात उद्दिष्टांना ७० टक्के आणि वर्तन-कौशल्यांना ३० टक्के वजन. कौशल्यं पाच, त्यांची रेटिंग ४, ४, ३, ३, २. यातला २ 'वेळेवर कळवणं'साठी आहे. अंतिम रेटिंग ३, म्हणजे 'अपेक्षेनुसार'. तिने स्वतःला ४ दिले आहेत.

मॅनेजरने पाठवलेला मसुदा असा: "आपली कामगिरी एकंदरीत समाधानकारक असून संवादकौशल्यात सुधारणेस वाव आहे. पुढील वर्षी नेतृत्वगुण दाखवल्यास आपण बढतीस पात्र ठराल."

दोन वाक्यांत मिटवलं! खोटं काही नाही असं वाटतं, पण हे वाचून त्या बाईंना काय कळणार? तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?

शंतनू_प

मला तर मसुदा ठीक वाटतोय. थोडा सरकारी आहे इतकंच. आकड्यांचं म्हणाल तर ४, ३, ३, २ ची बेरीज १२, भागिले ४, बरोबर ३. अंतिम रेटिंगशी जुळतंय. सारांशात '३, अपेक्षेनुसार' लिहा आणि पुढे चला. जितके आकडे जास्त द्याल तितके वाद जास्त. अनुभवाचे बोल.

उमेदवार_२

धागा वेळेवर आला. माझंही सेल्फ अप्रेझल पुढच्या आठवड्यात भरायचंय. स्वतःला ४ द्यावेत की ५? ५ दिले तर मॅनेजर ४ वर आणतो आणि ४ दिले तर ३ वर, असं सगळे सांगतात.

कौमुदी_क

@उमेदवार_२, इथे विषय मॅनेजरचं मूल्यमापन झाल्यावर कर्मचाऱ्याला द्यायच्या सारांशाचा आहे. सेल्फ अप्रेझलसाठी वेगळा धागा काढा, बरेच जण येतील लिहायला.

@शंतनू, पण मग कुणी विचारलं की सगळ्यात मोठ्या उद्दिष्टात ४ असताना एकूण ३ कसे, तर?

हिशेबी_माणूस

शंतनू, तुमचं ३ बरोबर आलं ते योगायोगाने. वेटेज असताना साधी सरासरी काढायची नसते. ४० टक्क्यांचे ४ म्हणजे १.६, ३० टक्क्यांचे ३ म्हणजे ०.९, २० टक्क्यांचे ३ म्हणजे ०.६ आणि १० टक्क्यांचे २ म्हणजे ०.२. बेरीज ३.३. कौशल्यांची सरासरी १६ भागिले ५, म्हणजे ३.२. आता ३.३ चे ७० टक्के २.३१ आणि ३.२ चे ३० टक्के ०.९६. एकूण ३.२७. बहुतेक ठिकाणी ३.५ च्या खाली असेल तर ३ धरतात. म्हणून ३.

हे सारांशात का हवं, तर कर्मचारी हा हिशेब मनातल्या मनात करणारच आहे, आणि चुकीचा करणार आहे. तिला अहवालांच्या उद्दिष्टात ४ दिसले आणि खाली ३ दिसले की पहिला विचार येतो, 'वरून कुणीतरी कापलं.' इथे कुणी कापलेलं नाही, गणितानेच ३ आले आहेत. एका वाक्यात सांगून टाका. पण कौमुदी, आधी एक तपासा. तुमच्याकडे कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकत्र ताडून बघायच्या बैठकीत आकडा बदलला होता का? ३.२७ चे ३ होणं वेगळं आणि मॅनेजरने दिलेल्या ४ चे बैठकीत ३ होणं वेगळं. दुसरा प्रकार असेल तर गणिताचं वाक्य लिहिणं ही फसवणूक होईल.

आणखी एक. ५ पैकी ३ म्हणजे ६० टक्के नव्हे. शाळेच्या सवयीने लोक तसंच वाचतात आणि खट्टू होतात. आकड्याशेजारी पट्टीवरचे तिथले शब्द जसेच्या तसे लिहा. 'समाधानकारक' हा शब्द तुमच्या पट्टीवर नाही ना? मग तो मसुद्यात कुठून आला? मॅनेजरला तो सौम्य वाटला असेल, वाचणाऱ्याला मात्र 'अपेक्षेनुसार'पेक्षा एक पायरी खालचा वाटतो.

कौमुदी_क

कॅलिब्रेशनमध्ये बदल नाही, मी नोंद पाहिली. पूर्णांकाचा नियम आमच्याकडे तुम्ही म्हणता तसाच आहे. आणि हो, 'समाधानकारक' पट्टीवर कुठेच नाही!

रेवा_७

माझं प्रकरण सांगते, कारण सारांश चुकला की काय होतं ते मी भोगलंय. आधीच्या नोकरीत मला अशीच छान, गुळगुळीत चिठ्ठी मिळाली होती. 'काही बाबतींत अधिक लक्ष द्यावे' असं काहीसं वाक्य होतं. मूळ दस्तऐवजात आत कुठेतरी स्पष्ट लिहिलं होतं की मी क्लायंटच्या मीटिंगमध्ये टीमला न विचारता तारखा कबूल करते. ते पान मी उघडलंच नाही, कारण सारांश होता ना. पुढच्या वर्षी रिव्ह्यूमध्ये शेरा आला, 'मागील वर्षी निदर्शनास आणूनही पुनरावृत्ती.' मी म्हटलं, कधी आणलं निदर्शनास? त्यांनी ते पान उघडून दाखवलं. बोलायला जागाच उरली नाही.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे. कडू असेल ते सारांशात आलंच पाहिजे, आणि ओळखू येईल अशा शब्दांत.

हिशेबी_माणूस

रेवा यांच्या उदाहरणात सगळं आलं. मूळ दस्तऐवजातल्या ज्या गोष्टीचा पुढच्या वर्षी हवाला दिला जाऊ शकतो, ती सारांशातून गळता कामा नये. काय घ्यावं आणि काय गाळावं याचा निर्णय अडला की मी हीच कसोटी लावतो.

कौमुदी, 'संवादकौशल्यात सुधारणेस वाव' हे वाक्य कशावरून आलंय? सहकाऱ्यांचा फीडबॅक असेल तर आशय इथे द्या, ओळख पटेल असं काही वगळून.

कौमुदी_क

पाच सहकाऱ्यांचा फीडबॅक आहे. थोडक्यात, माझ्या शब्दांत:

पहिला: डेटा हलवताना काम अडकलंय हे आम्हाला अगदी शेवटी कळलं, वीकेंडला बसावं लागलं. बाकी मदतीला कायम तयार.
दुसरा: नव्या माणसांना शिकवायला हिच्यासारखं कुणी नाही. डेटाच्या कामात उशीर होणार हे आधी सांगायला हवं होतं.
तिसरा: अहवाल नेहमी वेळेत. मी नवीन असताना हिनेच सगळं दाखवलं.
चौथा: तिमाही अहवालाचा एक भाग राहिला होता, ते सादर करायच्या दिवशी सकाळी सांगितलं. एरवी उत्तम, शंका विचारायला पहिलं नाव हिचंच येतं.
पाचवा: शांत, भरवशाची. नवख्यांना सांभाळून घेते. मीटिंगमध्ये बोलत नाही.

मॅनेजरचा शेरा: 'अडचणी वेळेत वर पोहोचवत नाही. संवाद वाढवावा.'

शंतनू_प

बघा, तिघांनी तेच म्हटलंय आणि मॅनेजरने चौथ्यांदा. म्हणजे सरळ सरळ पॅटर्न आहे. 'पाचपैकी तिघांनी संवादाबद्दल तक्रार केली' असं लिहा, वजन येईल वाक्याला.

हिशेबी_माणूस

शंतनू, पॅटर्न आहे हे मान्य, पण मोजणी चुकतेय. पहिला आणि दुसरा एकाच घटनेबद्दल बोलताहेत. चौथा वेगळ्या घटनेबद्दल. म्हणजे तोंडं तीन, प्रसंग दोन. मॅनेजरचा शेरा बहुधा त्याच दोन प्रसंगांवरून आलाय, त्याला वेगळा चौथा धरू नका. वर्षभरात एकच गोष्ट बिनसली आणि तिची झळ पाच जणांना बसली, तर पाचही जण तेच लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस रोजच असा वागतो. म्हणून मी मुद्दा प्रसंगांवरून मोजतो. इथे प्रसंग दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या कामांतले आहेत, तेव्हा मुद्दा सारांशात येणारच.

आता 'संवाद' या शब्दाकडे या. पाचवा म्हणतो मीटिंगमध्ये बोलत नाही. मॅनेजरच्या मसुद्यात हे आणि उशिरा कळवणं एकाच पोत्यात गेलंय. 'संवादकौशल्यात सुधारणा' वाचून या बाई काय करतील? मीटिंगमध्ये दोन वाक्यं जास्त बोलतील, एखादा प्रेझेंटेशनचा कोर्स लावतील, आणि पुढच्या वेळी काम अडकलं की पुन्हा शेवटच्या दिवशी सांगतील. मागणी होती ती 'अडलं की लगेच सांग' एवढीच. तेव्हा लिहायचं तेच.

मीटिंगमधलं न बोलणं एकाच माणसाने, एकाच वाक्यात, उदाहरण न देता सांगितलंय. मी ते घेणार नाही. मूळ दस्तऐवजात ते आहेच.

आणि एक गोष्ट तुम्ही सगळे ओलांडून गेलात. नव्या लोकांना शिकवणं. पाचपैकी तिघांनी, न विचारता, आपापल्या शब्दांत लिहिलंय. रेटिंगमध्ये त्याला कुठेच जागा नाही, उलट प्रशिक्षण साहित्याच्या उद्दिष्टात २ आहेत. सारांश फक्त रेटिंगवरून लिहिला तर नव्यांना शिकवण्याची जबाबदारी टाळणारी बाई असं चित्र उभं राहतं, आणि फीडबॅक वाचला तर नेमकं उलटं.

जाईजुई

मी मॅनेजरच्या खुर्चीतून बोलते. हिशेबी यांच्याशी बहुतांशी सहमत, पण फीडबॅकमधले शब्द आणि तपशील सारांशात टाकायला माझा विरोध आहे. पाचच सहकारी आहेत. 'सादर करायच्या दिवशी सकाळी सांगितलं' असं लिहिलं की तिला लगेच कळेल हे कुणी लिहिलं, कारण त्या सकाळी समोर कोण होतं हे तिला माहीत आहे. नाव न लिहिण्याला मग अर्थ काय राहिला? पुढच्या वर्षी तो माणूस 'सर्व उत्तम' लिहून मोकळा होईल.

रेवा_७

पण प्रसंग सांगितलाच नाही तर परत माझ्यासारखं होणार. 'काही वेळा उशिरा कळवलं' यात मला काय ओळखू येणार?

हिशेबी_माणूस

दोघींचंही खरं आहे, आणि याला पूर्ण समाधान देणारं उत्तर माझ्याकडे नाही. मी करतो ते असं. कामाचं नाव सांगतो, क्षण सांगत नाही. 'डेटा हलवण्याच्या कामात आणि एका तिमाही अहवालात अडचण शेवटच्या टप्प्यावर कळली' इतकं पुरतं. वीकेंड, सकाळ, कुणाला त्रास झाला, हे काढून टाकायचं. शिवाय तोच प्रसंग मॅनेजरच्या स्वतःच्या नोंदीत असेल तर मॅनेजरचं निरीक्षण म्हणून लिहायचं, म्हणजे सहकारी उघडा पडत नाही. कौमुदी, मॅनेजरला विचारा की हे दोन्ही प्रसंग त्याला स्वतःला माहीत होते का. माहीत असतील तर तुमचं काम सोपं झालं. नसतील तर जाईजुईंचं ऐकून एक पायरी मागे या.

शब्दशः अवतरण मात्र मी कधीच देत नाही. माणूस त्याच्या शैलीवरून ओळखू येतो.

कौमुदी_क

विचारलं. दोन्ही प्रसंग मॅनेजरला माहीत होते, डेटाच्या वेळी तर ते स्वतः कॉलवर होते. म्हणजे तो प्रश्न सुटला.

आता पुढच्या वर्षाच्या अपेक्षांचं बघू. दस्तऐवजात तीन गोष्टी आहेत. मॅनेजरने लिहिलंय: 'अडचणी वेळेत कळवाव्यात', आणि 'पुढच्या पातळीसाठी अधिक नेतृत्व दाखवणे अपेक्षित. त्यानंतर बढतीचा विचार होऊ शकतो.' आणि तिने स्वतः लिहिलंय की तिला डेटा मॉडेलिंग शिकायचं आहे. याशिवाय एक पान फक्त व्यवस्थापनासाठी आहे. त्यात तिच्या क्षमतेबद्दल आणि ती पुढे कुठली जागा घेऊ शकेल याबद्दल नोंद आहे. चांगली नोंद आहे, पण ती तिला दिसत नाही.

शंतनू_प

'अधिक नेतृत्व' हे फारच मोघम आहे. अपेक्षा मोजता आली पाहिजे, हे तर कुठल्याही ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. तुम्ही लिहा: 'पुढच्या सहा महिन्यांत दोन प्रकल्पांचं नेतृत्व करणे, महिन्यातून एक प्रेझेंटेशन.' कर्मचाऱ्यालाही बरं वाटतं, काहीतरी ठोस हातात पडतं.

हिशेबी_माणूस

मोजता आली पाहिजे हे शंभर टक्के बरोबर. पण ती कशी मोजायची हे कुणी ठरवायचं? सारांश लिहिणाऱ्याने नक्कीच नाही. दोन प्रकल्प आणि महिन्याला एक प्रेझेंटेशन हे तुम्ही आत्ता इथे बसून ठरवलंत. ते सारांशात गेलं, मॅनेजरने घाईत सही केली, की ती अट झाली. वर्षअखेरीस तिने एकच प्रकल्प चालवला तर म्हणतील, ठरलं होतं दोन. किंवा दोन चालवले आणि बढती मिळाली नाही तर ती म्हणेल, मी तर सगळं पूर्ण केलं. दोन्हीकडून भांडण, आणि मूळ दस्तऐवजात त्याला आधार काही नाही.

मोघम अपेक्षा मोघमच आहे हे सारांशात उघड लिहावं. 'नेतृत्व म्हणजे नेमकं कोणतं काम, आणि ते झालं हे कशावरून ठरवायचं, याचा तपशील मूल्यमापनात नाही. भेटीत मॅनेजरबरोबर ठरवावा.' हे वाक्य वाचून मॅनेजर चिडतात, मला माहीत आहे. पण बरेचदा चिडून का होईना, मूळ दस्तऐवजात दोन ओळी वाढवतात. त्या ओळी आल्या की खुशाल सारांशात घ्या.

मसुद्यातली दुसरी गडबड जास्त गंभीर आहे. मूळात 'बढतीचा विचार होऊ शकतो' आहे, मसुद्यात 'बढतीस पात्र ठराल' झालंय. मॅनेजरने प्रेमाने लिहिलं असेल, पण कागदावर ते आश्वासन आहे. 'होऊ शकतो' तसंच ठेवा.

तिन्ही अपेक्षा एका रांगेत मांडू नका. वेळेत कळवणं ही सध्याच्याच कामाची गरज आहे, तिथे २ मिळालेत, त्यामुळे ते ऐच्छिक नाही. नेतृत्व पुढच्या पातळीसाठी आहे, ते नाही केलं तर सध्याचं रेटिंग घसरायचं कारण नाही. डेटा मॉडेलिंग तिची स्वतःची इच्छा आहे, त्यावर मॅनेजरने हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही. तिन्ही एकत्र आलं की माणूस सगळ्यात आवडतं काम आधी उचलतो. ती सहा महिने मॉडेलिंग शिकेल आणि पुढच्या वर्षी परत त्या २ वर अडकेल.

व्यवस्थापनाच्या पानाबद्दल: त्यातलं एक अक्षरही घेऊ नका, कितीही चांगलं असलं तरी. आणि त्यावरून सूरही ठरवू नका. लिहिणाऱ्याला माहीत असतं की या बाईंबद्दल वर चांगलं बोललं जातंय, मग हात आपोआप सैल होतो आणि 'उज्ज्वल भविष्य' वगैरे शब्द उमटतात.

जाईजुई

ते चिडणारे मॅनेजर म्हणजे आम्हीच. पण खरं सांगू का, 'अधिक नेतृत्व' लिहिताना आमच्याच डोक्यात नेमकं काही नसतं. फॉर्मवर रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून लिहिलं जातं.

उमेदवार_२

बाप रे, म्हणजे आमच्या रकान्यात पण असंच भरतात का? गेल्या वर्षी मला 'मोठं चित्र पाहावं' असं लिहून आलं होतं. अजून पाहतोय.

कौमुदी_क

@उमेदवार_२ 😄

एक नवीनच गोष्ट सापडली, जरा घोळाची. प्रशिक्षण साहित्याच्या उद्दिष्टात २ का, हे बघायला मागे गेले. वर्षअखेरचा शेरा: 'साहित्य अपूर्ण राहिले.' पण सहामाही रिव्ह्यूच्या नोंदीत मॅनेजरने स्वतः लिहिलंय: 'डेटा हलवण्याच्या कामाला प्राधान्य द्यावे, प्रशिक्षण साहित्य तूर्त बाजूला ठेवावे.' म्हणजे त्यांनीच थांबवायला सांगितलं आणि त्यांनीच अपूर्ण म्हणून २ दिले! आता सारांशात काय लिहू? २ तसेच ठेवून पुढे जाऊ, की 'मॅनेजरच्या सूचनेवरून थांबवलं' असं लिहू?

रेवा_७

लिहाच. मी त्या बाईंच्या जागी असते तर ही नोंद हातात घेऊनच भेटीला गेले असते.

शंतनू_प

पण 'तूर्त' म्हणजे कायमचं नव्हे. दुसऱ्या सहामाहीत परत सुरू करायला हवं होतं असं मॅनेजरचं म्हणणं असू शकतं.

हिशेबी_माणूस

शंतनू, हा मुद्दा अगदी रास्त. म्हणूनच कौमुदींनी दोन्हीपैकी काहीच करू नये. २ गुपचूप तसेच ठेवले तर विसंगती माहीत असून झाकल्यासारखं होतं. आणि 'मॅनेजरच्या सूचनेवरून थांबवलं' लिहिलं तर सारांशातून तुम्ही मॅनेजरच्या रेटिंगवर निकाल देता, जो तुमचा अधिकार नाही. सारांश बाजूला ठेवा, दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून मॅनेजरला पाठवा आणि विचारा, काय धरायचं? दुरुस्ती व्हायची ती मूळ दस्तऐवजात. सारांश मूळापेक्षा जास्त बरोबर असला तरी तो चुकीचाच, कारण वाद झाला तर मूळच उघडलं जातं.

अंतिम रेटिंग बदलेल म्हणून मॅनेजर बिचकला तर त्याला हिशेब दाखवा. ते उद्दिष्ट वगळून उरलेल्या ९० टक्क्यांवर काढलं तर ३.१ भागिले ०.९, म्हणजे साधारण ३.४४. त्याचे ७० टक्के २.४१, अधिक ०.९६, एकूण ३.३७. तरीही ३. उद्दिष्ट ठेवून २ चे ३ केले तर ३.३४, तरीही ३. अंतिम आकडा हलत नाही. बदलतं ते एक वाक्य, पण 'अपूर्ण राहिले' हे वाक्य तिच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहणार आहे.

कौमुदी_क

पाठवलं आणि उत्तरही आलं. आधी जरा ताणून धरलं, शंतनू म्हणाले तेच कारण देऊन. मग शेरा बदलला: 'पहिल्या सहामाहीत सूचनेनुसार थांबवले. दुसऱ्या सहामाहीत पुन्हा सुरू करण्याबाबत स्पष्ट सूचना नव्हती.' उद्दिष्ट वगळलं नाही, रेटिंग ३ केलं. 'नेतृत्वा'च्या ओळीत मात्र काही भर घातली नाही, भेटीत बोलू म्हणाले.

तर आता सारांश असा झालाय:

"अंतिम रेटिंग: ३, अपेक्षेनुसार. उद्दिष्टं (७० टक्के) आणि कौशल्यं (३० टक्के) मिळून हिशेब ३.३४ येतो आणि नियमानुसार तो ३ धरला आहे. सर्वाधिक वजनाच्या उद्दिष्टात, म्हणजे ग्राहक अहवाल वेळेत देण्यात, तुम्हाला ४ मिळाले आहेत. बाकी तिन्ही उद्दिष्टांत ३. प्रशिक्षण साहित्याचं काम पहिल्या सहामाहीत सूचनेनुसार थांबवलं गेलं, याची नोंद मूल्यमापनात आहे.

सहकाऱ्यांच्या अभिप्रायात सर्वात ठळकपणे आलेली गोष्ट म्हणजे नव्या सहकाऱ्यांना तुम्ही करत असलेली मदत. या कामासाठी वेगळं उद्दिष्ट नव्हतं, त्यामुळे ते रेटिंगमध्ये मोजलेलं नाही.

ज्यात बदल हवा आहे ती गोष्ट एक आहे: काम अडलं की ते लगेच कळवणं. डेटा हलवण्याच्या कामात आणि एका तिमाही अहवालात अडचण शेवटच्या टप्प्यावर कळली, असं मॅनेजरचं निरीक्षण आहे. 'वेळेवर कळवणं' या कौशल्यात रेटिंग २ आहे. ही सध्याच्या कामाचीच अपेक्षा आहे.

पुढच्या पातळीसाठी अधिक नेतृत्व अपेक्षित आहे आणि त्यानंतर बढतीचा विचार होऊ शकतो, असं मूल्यमापनात म्हटलं आहे. नेतृत्व म्हणजे कोणतं काम, याचा तपशील त्यात नाही. तो भेटीत ठरवावा. डेटा मॉडेलिंग शिकण्याची तुमची इच्छा नोंदवलेली आहे, त्यावर अद्याप निर्णय नाही."

तिने स्वतःला ४ दिले होते ते मुद्दाम लिहिलं नाही. बरोबर केलं ना?

जाईजुई

छान झालंय. सेल्फ रेटिंग न लिहिणं योग्यच. ते तिला माहीतच आहे, वर 'तुम्ही ४ म्हणालात, आम्ही ३' असं छापून कशाला चिडवायचं?

हिशेबी_माणूस

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. दोन्ही आकड्यांत फरक असेल तर भेटीत बोलणं त्यावरच होणार. मी असतो तर तो कुठल्या उद्दिष्टातून आलाय ते पाहून एक ओळ लिहिली असती. तिने डेटाच्या कामात स्वतःला ५ दिले असतील आणि मॅनेजरने ३, तर दोघं त्या एका कामाबद्दल फार वेगळं समजून बसलेत, आणि हे तिला भेटीआधी कळलेलं बरं. सगळीकडे थोडाथोडा फरक असेल तर मात्र नको.

बाकी एक शब्द. 'ज्यात बदल हवा आहे ती गोष्ट एक आहे' हे तुमचं वाक्य आहे, मॅनेजरचं नाही. त्याने बाकी कुठे सुधारणा सुचवलेली नाही याची खात्री करून घ्या. चुका कमी करण्याच्या उद्दिष्टाखाली काय शेरा आहे?

कौमुदी_क

'प्रमाण अपेक्षेइतके.' बस्स. म्हणजे 'एक' चालेल. सेल्फ रेटिंगमधला फरक बघते, डेटाच्या कामात तिने ४ दिलेत, बाकीचं अजून उघडलं नाही.

रेवा_७

एक शंका. हा सारांश भेटीच्या किती आधी देणार? सकाळी मेल आणि दुपारी भेट असं झालं तर तो '२' डोक्यात घेऊनच माणूस आत शिरतो.

कौमुदी_क

तेच अजून ठरत नाहीये. मॅनेजर म्हणतात भेटीत समोरासमोर द्या, आमचे वरिष्ठ म्हणतात दोन दिवस आधी. कुणाकडे भेटीनंतर द्यायची पद्धत आहे का? असेल तर लोक मूळ दस्तऐवज जास्त उघडतात की कमी, ते सांगा.